पूर्णाकृती चित्रातला छोटा चेहरा रेखीव करताना: संदर्भ न सोडता डीटेल पास कसा द्यावा

एआय मॉडेलकडून डोक्यापासून पायापर्यंत माणूस दाखवणारे चित्र तयार करून घेतले की साडीचे काठ, दागिने आणि पार्श्वभूमी बऱ्यापैकी उतरते, पण चेहरा मात्र पुसट येतो: डोळे एकमेकांत मिसळलेले, ओठांची कडा हरवलेली, नाकाच्या जागी नुसती सावली. त्यावर चेहरा आपोआप दुरुस्त करणारा पास लावला की चेहरा लखलखीत होतो आणि नेमक्या त्याच क्षणी तो दुसऱ्याच कोणाचा तरी होतो. संदर्भ म्हणून दिलेल्या छायाचित्रातली बाई चाळिशीची, रुंद जबड्याची, आणि चित्रातली बाई पंचविशीची, टोकदार हनुवटीची. दोष सहसा यंत्रणेचा नसतो. पहिल्या फेरीला जोडलेला संदर्भ दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचलेलाच नसतो, किंवा पोहोचूनही त्याला काम करायला वाव मिळालेला नसतो.

पुढची सगळी पद्धत एकाच कामावर दाखवली आहे. पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावरच्या एका साडीच्या दुकानासाठी पाडव्याचे हस्तपत्रक करायचे आहे, असे धरू. दुकानाच्या मालकीणबाई नऊवारी नेसून शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर उभ्या आहेत, असे पूर्णाकृती चित्र हवे आहे. त्यांची छायाचित्रे आणि ती अशा प्रकारे वापरण्याची लेखी संमती हाताशी आहे. चित्र एसडीएक्सएल प्रकारच्या मॉडेलवर ८३२ × १२१६ पिक्सेलमध्ये तयार झाले आहे आणि पुढचे काम कम्फीयूआयमध्ये, इम्पॅक्ट पॅकमधल्या `FaceDetailer` या नोडने करायचे आहे. दुसरे साधन वापरणाऱ्यांना नावे वेगळी दिसतील, पण क्रम तोच राहील.

## १. आधी चेहरा मोजा

चित्र शंभर टक्के आकारात उघडून चेहऱ्याभोवती चौकट आखावी आणि तिची लांबीरुंदी टिपून ठेवावी. आपल्या उदाहरणात उभी आकृती साधारण १,०३० पिक्सेल उंच आहे. माणसाची उंची ढोबळमानाने साडेसात डोक्यांइतकी धरली, तर डोके १३७ पिक्सेलच्या आसपास येते आणि कपाळापासून हनुवटीपर्यंतची चौकट जवळपास १०० × १३० पिक्सेलची होते. चेहऱ्याच्या रुंदीत साधारण पाच डोळे मावतात, म्हणजे एका डोळ्याच्या वाट्याला २० पिक्सेल आले.

वीस पिक्सेलमध्ये डोळा दिसायला हरकत नाही असे वाटते, परंतु मॉडेल पिक्सेलवर काम करत नाही. ते चित्राच्या आठपट लहान केलेल्या अंतर्गत रूपावर, म्हणजे लेटंटवर काम करते. तिथे हा डोळा जेमतेम अडीच घरांत बसतो. अडीच घरांत पापणी, बुबुळ आणि त्यातली चमक मांडणे शक्यच नसते, म्हणून चेहरा पुसट येतो. प्रॉम्प्टमध्ये चेहरा सुस्पष्ट हवा असे कितीही वेळा लिहिले तरी घरे वाढत नाहीत. डीटेल पास ती घरे वाढवतो: चेहऱ्याचा भाग कापून मोठा करतो, तिथे मॉडेलला नव्याने काम करू देतो आणि तयार भाग लहान करून मूळ जागी चिकटवतो.

तपासणी: चौकटीची मोठी बाजू ४०० पिक्सेलच्या पुढे असेल, तर चित्र पूर्णाकृती नाही आणि अडचण बहुधा दुसरी आहे. अशा चेहऱ्याला हा पास दिल्यास फायद्यापेक्षा तोटाच संभवतो.

## २. संदर्भाचे छायाचित्र तयार करणे

या टप्प्यावर सर्वांत जास्त घाई होते. मोबाइलवर काढलेले ३,००० × ४,००० पिक्सेलचे उभे छायाचित्र जसेच्या तसे जोडले जाते आणि नंतर चेहरा जुळत नाही अशी तक्रार होते.

संदर्भ वाचणारा भाग, म्हणजे आयपी-अडॅप्टरमागचा क्लिप व्हिजन एन्कोडर, छायाचित्राचा मधला चौरस कापतो आणि तो २२४ × २२४ पिक्सेलचा करतो. वरच्या छायाचित्रातून मधला ३,००० चा चौरस घेतला, तर वरची आणि खालची प्रत्येकी ५०० पिक्सेलची पट्टी गळून पडते. चेहरा अगदी वर असेल तर कपाळ त्या पट्टीबरोबर जाते. तो वाचला आणि छायाचित्रात ५०० पिक्सेल उंच असला, तरी लहान केल्यावर त्याची उंची ३७ पिक्सेल उरते. म्हणजे पुसट चेहरा दुरुस्त करायला आपण आणखी पुसट चेहरा दाखवत असतो.

म्हणून संदर्भ हाताने चौरस कापावा. डोक्यावर थोडी मोकळी जागा, खाली गळ्यापर्यंत, आणि चेहरा चौरसाच्या सुमारे दोन तृतीयांश उंचीचा असावा. दोन-तीन छायाचित्रे असतील तर ती एकाच काळातली घ्यावीत. लग्नाच्या अल्बममधले एक आणि परवाचे एक असे मिसळले, तर वय आणि चेहऱ्याची भरण दोन्ही मधल्यामध्ये अडकतात.

छायाचित्र उलटे तर नाही ना, हेही इथेच पाहावे. पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला सेल्फी अनेक फोनमध्ये आरशासारखा उलटा साठवला जातो. चेहरा ओळखीचा दिसतो, त्यामुळे चूक नजरेतून सुटते, पण गालावरचा तीळ आणि नथ दुसऱ्या बाजूला गेलेली असते. ओळखायला सोपी खूण पदराची: नऊवारीचा पदर नेसणारीच्या डाव्या खांद्यावर असतो, तो उजव्या खांद्यावर दिसला आणि गुजराती पद्धतीची साडी नसेल, तर छायाचित्र आडवे उलटवून घ्यावे.

प्रकाशाचाही विचार याच वेळी करावा. दिल्ली दरवाजा उत्तरेकडे तोंड करून आहे. त्याच्यासमोर उभ्या असलेल्या व्यक्तीचे छायाचित्र घेणारा दक्षिणेकडे पाहत असतो, म्हणून पाडव्याच्या सकाळी ऊन त्याच्या डावीकडून, पूर्वेकडून येते. आपल्या चित्रात प्रकाश डावीकडून आहे तो यामुळेच. दुकानात ट्यूबलाइटखाली समोरून काढलेला संदर्भ वापरला, तर तो सपाट पांढरा प्रकाश चेहऱ्यावर उतरू पाहतो. खिडकीजवळ, डावीकडून उजेड येईल असे एक नवे छायाचित्र काढून घेणे हा पुढच्या सगळ्या खटपटीपेक्षा स्वस्त उपाय आहे.

इशारा: संदर्भातला चेहरा मोकळेपणी हसत असेल आणि चित्रातला चेहरा मिटल्या ओठांचा असेल, तर पासमध्ये दात अर्धवट उगवतात. भाव जुळणारा संदर्भ निवडावा.

## ३. क्रम: आधी पूर्ण चित्र मोठे, मग चेहरा

अनेक जण ८३२ × १२१६ च्या चित्रावरच चेहऱ्याचा पास देतात आणि मग सगळे चित्र मोठे करतात. यात दोन्हीकडून नुकसान होते. एक म्हणजे, पासमध्ये मोठा करून घडवलेला चेहरा पुन्हा १०० × १३० मध्ये कोंबला जातो आणि केलेल्या कामातले बरेचसे तिथेच पुसले जाते. दुसरे म्हणजे, नंतर चित्र मोठे करताना त्यात डीनॉइझ असेल तर मॉडेल चेहऱ्याला पुन्हा हात लावते आणि या खेपेला त्याच्यासमोर संदर्भ नसतो.

योग्य क्रम असा आहे. रचना, हातपाय आणि साडी पसंत पडल्यावर आधी पूर्ण चित्र दुप्पट करावे, म्हणजे १,६६४ × २,४३२. यासाठी चारपट मोठे करणारे साधे पिक्सेल-अपस्केल मॉडेल वापरून निकाल निम्मा केला तरी चालतो. साडीचा पोत सुधारण्यासाठी त्यानंतर हलका डीनॉइझ द्यायचा असेल, तर तोही आत्ताच द्यावा. चेहऱ्याचा पास या सगळ्यानंतर येतो आणि त्याच्यानंतर पूर्ण चित्रावर डीनॉइझ असलेली एकही पायरी ठेवू नये.

आता चेहऱ्याची चौकट २०० × २६० झाली. छपाईच्या ३०० डीपीआयला हे चित्र सुमारे साडेपाच बाय आठ इंच, म्हणजे ए-५ पेक्षा किंचित लहान येते आणि त्यावर चेहरा सव्वादोन सेंटिमीटर उंच दिसतो. ओळखीचा माणूस ओळखू येण्यासाठी तो पुरेसा आहे, आणि तीच आपली कसोटी आहे.

दुप्पट केलेले हे चित्र पीएनजीमध्ये वेगळे जतन करावे. पुढचा प्रत्येक प्रयोग या फाइलपासून सुरू व्हायला हवा. आधीच्या पासमधून निघालेल्या चित्रावर पुन्हा पास देत गेल्यास प्रत्येक फेरीत चेहरा मूळ व्यक्तीपासून थोडा थोडा सरकतो, आणि हे सरकणे इतके हळू असते की करणाऱ्याला जाणवतच नाही.

## ४. पास देण्याआधी हाताने कच्चे काम

डीटेल पास कमी डीनॉइझवर चालतो, म्हणून तो आधीपासून असलेल्या रंगरेषांवर विसंबून असतो. जे चित्रात अजिबात नाही ते त्याला सुचत नाही, आणि जे चुकीच्या जागी आहे ते तो चुकीच्या जागीच अधिक ठळक करतो. पास देण्याआधीची पाच-दहा मिनिटे चित्रसंपादकात घालवणे त्यामुळेच फायद्याचे ठरते. क्रिटा, गिम्प, फोटोशॉप, काहीही चालेल.

पहिले काम चेहऱ्याच्या आकाराचे. संदर्भाचा चौरस आणि चित्रातला चेहरा सारख्या उंचीचे करून शेजारी ठेवावेत. मालकीणबाईंचा जबडा रुंद आणि चित्रातला निमुळता असेल, तर तो लिक्विफायसारख्या साधनाने हलकेच बाहेर ओढावा. कडा ओबडधोबड राहिली तरी चिंता नको, पास ती सावरतो. जबडा, केसांची रेषा आणि दोन डोळ्यांमधले अंतर या तीन गोष्टी जागेवर आल्या की निम्मे साम्य साधले जाते. कमी डीनॉइझमध्ये आपणहून सहसा न हलणाऱ्या गोष्टी नेमक्या याच आहेत.

दुसरे काम खुणांचे: तीळ, चंद्रकोर आणि नथ. संदर्भ जोडणारे अडॅप्टर चेहऱ्याची एकूण ठेवण पोहोचवतात, तीळ किंवा दागिना यांची जागा ते भरवशाने पोहोचवत नाहीत. प्रॉम्प्टमध्ये डावी नाकपुडी असे लिहूनही मॉडेल डावेउजवे पाळेलच असे नाही. म्हणून या खुणा कच्च्या रंगवून ठेवाव्यात. नथीसाठी नेसणारीच्या डाव्या नाकपुडीखाली, म्हणजे समोरून पाहणाऱ्याच्या उजवीकडे, मोत्यांचे चार-पाच पांढरट ठिपके, मध्ये एक गडद लाल ठिपका आणि सगळ्यांना जोडणारी सोनेरी कमान एवढे पुरते. ठिपके अगदी शुभ्र न ठेवता किंचित पिवळसर करावेत आणि त्यांच्याखाली ओठावर पडणारी सावली एका फिकट तपकिरी फटकाऱ्याने दाखवावी. ही सावली नसेल तर पास त्या ठिपक्यांना दात किंवा ओठावरची चमक समजून बसतो आणि नथ विरघळून जाते.

संदर्भातली नथ कापून थेट चिकटवण्याचा मोह होतो. छायाचित्रातला तिचा प्रकाश आणि धारदारपणा चित्रात परका वाटतो, आणि ती उपरेपणाने चिकटलेली असल्याचे पासनंतरही कळते. कच्चा रंगच बरा.

तपासणी: डोळे बारीक करून चित्र पाहावे. या धूसर अवस्थेत चेहरा त्या व्यक्तीकडे झुकलेला वाटला पाहिजे. तसा वाटत नसेल तर पुढे जाऊ नये.

## ५. संदर्भ दुसऱ्या फेरीला पुन्हा जोडणे

`FaceDetailer` ला स्वतंत्र मॉडेल जोडावे लागते आणि बहुतेकांच्या मांडणीत तिथे थेट चेकपॉइंटहून आलेली तार असते. त्या तारेत संदर्भाचा मागमूसही नसतो. मग पास मॉडेलच्या सवयीचा सरासरी सुंदर चेहरा काढतो, आणि तो काढणारच. आयपी-अडॅप्टरच्या नोडमधून बाहेर पडणारे मॉडेल `FaceDetailer` च्या `model` या जागी जोडले आहे ना, हे तार बोटाने मागे मागे नेत पाहावे. जीएफपीजीएन किंवा कोडफॉर्मरसारखी चेहरा-दुरुस्ती साधने या कामी येत नाहीत, कारण ती आपला संदर्भ पाहतच नाहीत.

अडॅप्टर निवडताना परवान्याकडे लक्ष द्यावे. फेसआयडी आणि इन्स्टंटआयडी ही दोन्ही ओळख उत्तम पकडतात, पण ती इनसाइटफेसच्या ज्या तयार मॉडेलांवर अवलंबून आहेत ती केवळ अव्यावसायिक संशोधनासाठी खुली आहेत. दुकानाच्या जाहिरातीत ती बसत नाहीत. म्हणून इथे `ip-adapter-plus-face_sdxl_vit-h` हे अडॅप्टर घेतले आहे, त्याला इनसाइटफेस लागत नाही. त्याची किंमत अशी की ते ओळखीबरोबर संदर्भातला प्रकाश आणि भावही उचलते. दुसऱ्या टप्प्यात प्रकाश आणि भाव जुळवून घेण्यावर जो भर दिला तो याच कारणाने.

```
weight    0.7
start_at  0.0
end_at    1.0
```

यातला `end_at` नीट समजून घ्यायला हवा. पहिल्या फेरीत अनेक जण तो ०.६ ठेवतात, म्हणजे अडॅप्टरने सुरुवातीला दिशा द्यावी आणि शेवटचे काम मॉडेलवर सोडावे. हीच सवय डीटेल पासमध्ये नेली की संदर्भ मुकाट्याने बंद पडतो. हे आकडे नॉइझच्या पूर्ण प्रवासावर मोजले जातात आणि ०.४ डीनॉइझचा पास त्या प्रवासात ०.६ च्या आसपास, किंवा शेड्यूलर कॅरससारखा असेल तर त्याच्याही पुढे, चढतो. अडॅप्टर उतरल्यावर पास चढला, तर दोघांची गाठच पडत नाही. कुठलाही त्रुटीसंदेश येत नाही, मांडणी सुरळीत चालते आणि फक्त चेहरा जुळत नाही. म्हणून या पासमध्ये `end_at` १.० च ठेवावा.

तपासणी: तोच सीड ठेवून एकदा `weight` ०.७ वर आणि एकदा ० वर पास चालवावा. दोन्ही चेहरे सारखेच आले तर संदर्भ पोहोचत नाही. पुढचे आकडे बदलण्याआधी ही गळती शोधावी.

प्रॉम्प्टही या पासला वेगळा हवा. पूर्ण चित्राचा प्रॉम्प्ट तसाच दिला, तर मॉडेलला वाटते की या चौकटीतही उभी बाई, साडी आणि दरवाजा दाखवायचा आहे. डीनॉइझ थोडा जास्त असला की कपाळावर चिमुकली आकृती उगवते किंवा गालावर साडीचा काठ उमटतो. जे चौकटीत आहे तेवढेच लिहावे आणि वय अवश्य लिहावे, कारण वय न लिहिल्यास मॉडेल चेहरा तरुण करते.

```
close-up portrait of a 45 year old Maharashtrian woman,
brown eyes, closed lips, crescent bindi, pearl nath,
morning sunlight from the left, natural skin texture
```

## ६. चौकट किती मोठी कापावी

`bbox_crop_factor` ठरवतो की चेहऱ्याच्या चौकटीच्या किती पट भाग कापायचा. मूळ किंमत ३ असते. आपल्या २०० × २६० च्या चौकटीला ३ लावले तर ६०० × ७८० चा भाग कापला जातो आणि `max_size` १०२४ असल्यामुळे तो केवळ १.३ पट मोठा होतो. चेहरा २६० वरून ३४० पिक्सेलवर गेला, एवढीच मिळकत. `guide_size` ५१२ आहे म्हणजे चेहरा ५१२ झाला असेल असे इथे समजले जाते, पण `max_size` मध्ये येऊन तो वाढू देत नाही.

तोच आकडा २ केला तर ४०० × ५२० चा भाग जवळपास दुप्पट होतो, चेहरा ५१२ पिक्सेल उंच होतो आणि डोळ्याला सुमारे ८० पिक्सेल, म्हणजे लेटंटमध्ये दहा घरे मिळतात. पहिल्या टप्प्यातल्या अडीच घरांशी ताडून पाहिले की पासचे सगळे बळ कुठून येते ते कळते. आणखी खाली, १.३ वगैरेवर जाऊ नये. मान आणि खांदा चौकटीबाहेर गेले की डोक्याचा कल आणि प्रकाशाची दिशा यांचा आधार मॉडेलला उरत नाही, आणि चेहरा मुखवट्यासारखा समोर वळतो.

```
guide_size        512   (bbox)
max_size          1024
bbox_crop_factor  2.0
bbox_dilation     10
bbox_threshold    0.5
drop_size         120
feather           20
steps             28
cfg               5.0
denoise           0.42
```

`drop_size` मूळ १० असतो, तो इथे मुद्दाम वाढवला आहे. दरवाजासमोर चार-दोन पर्यटक असतील, तर शोधक त्यांचेही चेहरे टिपतो आणि संदर्भ सगळ्यांनाच लागू होतो. पाठीमागच्या आजोबांना मालकीणबाईंचा चेहरा आणि वर नथ मिळालेली पाहून क्षणभर करमणूक होते खरी, पण असे पत्रक छापायला गेले की ती संपते. पार्श्वभूमीतले चेहरे ६०-७० पिक्सेलचे आणि मुख्य चेहरा २०० चा असल्यामुळे १२० ही मर्यादा दोघांना वेगळे ठेवते.

## ७. डीनॉइझ ठरवणे

डीनॉइझ म्हणजे धार वाढवण्याची कळ नव्हे. जे आहे त्यापासून मॉडेलला किती दूर जाऊ द्यायचे, याची ती मोकळीक आहे. सीड कायम ठेवून ०.३०, ०.४२ आणि ०.५५ असे तीन निकाल काढावेत आणि ते शेजारी शेजारी पाहावेत.

०.३० वर आपली कच्ची नथ जवळपास ठिपक्यांसारखीच राहते आणि डोळ्यांच्या कडा स्वच्छ होतात, पण बुबुळांत जीव येत नाही. ०.४२ च्या आसपास ठिपक्यांचे मोती होतात, पापण्या वेगळ्या दिसतात आणि जबड्याची आपण ओढलेली रेषा टिकते. ०.५५ वर त्वचा सर्वांत देखणी येते, परंतु नथ मोठी होते किंवा नाहीशी होते, तीळ पुसला जातो आणि डोके अंशभर कॅमेऱ्याकडे वळते. देखणेपणाला भुलून तिसरा निकाल निवडणे ही या टप्प्यावरची नेहमीची चूक आहे.

०.४२ वर साम्य अपुरे वाटले, तर डीनॉइझ वाढवण्याआधी चौथ्या टप्प्याकडे परत जावे आणि कच्चे काम सुधारावे. त्यानंतरही कमी पडले तर दोन पास द्यावेत: पहिला ०.५ वर चेहऱ्याच्या ठेवणीसाठी, मग खुणा पुन्हा कच्च्या रंगवून दुसरा ०.३ वर. प्रत्येक पास आधीच्यावर बसणार असल्याने इथे दोनवर थांबावे. `weight` ०.९ च्या पुढे नेण्याचा मार्ग टाळावा. त्यात साम्य वाढल्यासारखे दिसते, पण संदर्भातला प्रकाशही ओढला जातो आणि त्वचा मेणासारखी होते.

आकडे ठरल्यावर मग सीड बदलून चार-सहा निकाल काढावेत. आकडे आणि सीड एकाच वेळी बदलले, तर कशामुळे काय झाले याचा पत्ता लागत नाही.

## ८. साम्याची तपासणी

निवड करणाऱ्याची नजर एव्हाना थकलेली असते आणि प्रत्येक चेहरा बरोबर वाटू लागतो. म्हणून तपासणी ठरावीक क्रमाने करावी. निकाल आणि संदर्भ दोन्ही आडवे उलटवून पाहावेत; सवय मोडते आणि डोळ्यांची उंची खालीवर असेल तर लगेच दिसते. मग भुवयांमधले अंतर, नाकाच्या टोकापासून वरच्या ओठापर्यंतचे अंतर आणि हनुवटीची रुंदी एवढेच ताडावे. मॉडेलची सवय ही तीन ठिकाणे सरासरीकडे ओढण्याची असते: वरचा ओठ नाकाच्या जवळ येतो, हनुवटी निमुळती होते. वयाच्या खुणा, म्हणजे नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची घडी आणि डोळ्यांखालची किंचित सूज, गेल्या असतील तर तो निकाल बाद करावा, मग तो कितीही गोड दिसो.

चेहऱ्याचे साम्य आकड्यात सांगणारी साधने आहेत. पण फेसआयडीसारखा अडॅप्टर ज्या मॉडेलवर चालतो त्याच मॉडेलने साम्य मोजले, तर गुण चांगले येणारच, कारण प्रश्नपत्रिका आणि उत्तरपत्रिका एकाच हातची असते.

त्या व्यक्तीला रोज पाहणाऱ्या कोणाला तरी, दुकानातल्या मदतनीस ताईंना म्हणा, निकाल छपाईच्या आकारात दाखवावा. मोबाइलवर चिमटीने मोठा करून नव्हे, तर साध्या प्रिंटवर. "या कोण?" एवढेच विचारावे. "मालकीणबाईंसारख्या दिसतायत का?" असे विचारले की उत्तर हो असेच येते.

## ९. जोड, रंग आणि पोत

चेहरा पसंत पडल्यावर निकाल आणि जतन केलेले पासआधीचे चित्र दोन थरांत ठेवून वरचा थर दाखवत-लपवत पाहावे. लेटंटमधून जाऊन परत येताना त्वचेचा रंग थोडा सरकतो, तो चेहरा आणि मान यांच्या सीमेवर दिसतो. मान सावळी आणि चेहरा अर्धी छटा उजळ, हा इतका सर्रास आढळणारा दोष आहे की तो आहे असे धरूनच शोधावा. वरच्या थराचा रंग वक्ररेषेने मानेशी जुळवावा. मान उजळवून चेहऱ्याशी जुळवू नये, कारण मग हात राहतात.

कानाजवळ आणि केसांच्या रेषेवर चौकोनी कड जाणवली तर `feather` ३० पर्यंत वाढवून त्याच सीडने पुन्हा पास द्यावा. कर्णफुले या कडेवरच येतात. ती अर्धी नवी आणि अर्धी जुनी झाली असतील, तर वरच्या थराला मास्क लावून कानाचा भाग पासआधीच्या चित्रातून परत आणावा.

उरतो तो पोत. दुप्पट केलेल्या साडीपेक्षा चेहरा अधिक धारदार दिसतो आणि वरून चिकटवल्यासारखा वाटतो. वरच्या थराची अपारदर्शकता ८५ ते ९० टक्क्यांवर आणावी आणि शेवटी संपूर्ण चित्रावर एकसारखा, अगदी हलका दाणा घालावा. हा दाणा चित्रसंपादकातला साधा नॉइझ असावा, मॉडेलचा पास नव्हे. नथीचे मोती मात्र या मिश्रणात मंद होतात, म्हणून तेवढ्या भागापुरता वरचा थर पूर्ण अपारदर्शक ठेवावा.

छपाईला पाठवण्याआधी थर असलेली फाइल, पासआधीचे पीएनजी, कापलेला संदर्भ आणि सीडसह सगळे आकडे एकाच फोल्डरमध्ये ठेवावेत. कम्फीयूआयने जतन केलेल्या पीएनजीमध्ये मांडणी आपोआप साठते, पण चित्रसंपादकातून निर्यात केलेल्या प्रतीत ती सहसा उरत नाही. दुकानाकडून "चंद्रकोर जरा मोठी करा" असा निरोप आला, तर चौथ्या टप्प्यातल्या कच्च्या रंगापासून त्याच सीडने पास द्यावा. तयार चेहऱ्यावर नवा पास देऊ नये.